अभिजित मुहूर्त बारा वाजता धरू नकोस

अरे, अभिजित म्हणजे बाराचा ठोका नव्हे. सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे पंधरा भाग कर, त्यातला आठवा भाग अभिजित. म्हणून त्याचा मध्य खऱ्या मध्यान्हावर येतो.

आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं, पुणे मात्र ७३.८५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य साधारण ३५ मिनिटं उशिरा माथ्याजवळ येतो. त्यात सूर्याची वार्षिक गती एकसारखी नसल्याने आणखी फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:१८ ला, फेब्रुवारीच्या मध्यास १२:४९ ला.

फेब्रुवारीचंच गणित करून बघ. उदय ७:०४, अस्त ६:३४. दिनमान ६९० मिनिटं, पंधरावा भाग ४६. मध्यान्ह १२:४९, दोन्हीकडे २३ मिनिटं. अभिजित १२:२६ ते १:१२. बाराला कलश ठेवलास तर मुहूर्त लागायलाच अजून २६ मिनिटं असतात! नोव्हेंबरात बारा कसेबसे आत बसतात, त्यामुळेच लोकांची फसगत होते.

उदयास्त पुण्याचेच घे. नागपूरच्या वेळा घेतल्यास मध्यान्ह २१ मिनिटं अलीकडे सरकतं, हे मी सुरुवातीला करून बसलो होतो.