भाड्याच्या घरात राहत असाल तर रहिवासी दाखल्याचा अर्ज असा लिहा

प्रश्न: आम्ही नागपूरजवळच्या एका गावात भाड्यानं राहतो. मुलीच्या पहिलीच्या ऍडमिशनला शाळेनं ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मागितलाय. घर आमच्या नावावर नाही. सचिवांना अर्ज कसा लिहायचा?

उत्तर:

हिंगणा रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, ऍडमिशनचा सीझन आला की हाच अर्ज लिहून द्या म्हणून लोक येत असतात. अर्ज अडतो तो भाषेमुळे नाही, अडतो कारण त्यात ग्रामसेवकाला, म्हणजे पंचायतीच्या सचिवाला, तपासून पाहता येईल असं काहीच नसतं. सही त्यांची जाणार, उद्या कोणी चौकशी केली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार, मग "आम्ही इथे राहतो, दाखला द्यावा" एवढ्यावर ते सही कशी करतील? म्हणून अर्जातली प्रत्येक गोष्ट एकतर त्यांच्या रजिस्टरमध्ये सापडली पाहिजे नाहीतर तुम्ही जोडलेल्या कागदात दिसली पाहिजे, बाकी मजकूर साधाच ठेवा.

आधी एक खात्री करून घ्या की तुमचं घर खरंच ग्रामपंचायतीच्याच हद्दीत आहे. नागपूरच्या आजूबाजूला हा घोळ खूप होतो. वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी ही एकेकाळी ग्रामपंचायती असलेली गावं आता नगर परिषदेत आहेत, तिथे ग्रामसेवकाचा दाखला मिळणारच नाही, नगर परिषदेत जावं लागेल. आणि लेआऊटमध्ये राहत असाल तर लोक पत्ता सांगतात लेआऊटच्या नावानं, पण पंचायत निघते भलत्याच मौजाची, रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी. घरमालकाकडची घरटॅक्सची पावती पाहा, ती ज्या पंचायतीची असेल तिथेच अर्ज द्यायचा. आधारवर नुसतं "नागपूर" लिहिलेलं असतं त्यावरून काही ठरवू नका.

त्या पावतीवर घराचा म्हणजे मालमत्तेचा क्रमांक असतो, तो अर्जात लिहायचाच. पंचायतीत नमुना ८ नावाचं रजिस्टर असतं, त्यात गावातल्या प्रत्येक घराची कर आकारणी क्रमांकासकट लिहिलेली असते, मालकाचं नाव पण असते. तुम्ही क्रमांक दिला की ग्रामसेवक रजिस्टर उघडून बघतात, घर सापडलं, मालक सापडला, आता राहिला एकच प्रश्न की तुम्ही त्या घरात राहता का. तो भाडेकरार आणि घरमालकाच्या संमतीपत्रानं सुटतो. संमतीपत्र साध्या कागदावर चालतं, "माझ्या मालमत्ता क्रमांक अमुक या घरात अमुक व्यक्ती कुटुंबासह अमुक तारखेपासून भाड्यानं राहते, त्यांना रहिवासी दाखला देण्यास माझी हरकत नाही", खाली सही आणि मालकाच्या आधारची झेरॉक्स. आणि घरटॅक्स थकलेला असेल तर आधी मालकाशी बोलून घ्या, कारण रजिस्टर उघडलं की थकबाकीचा विषय निघतोच आणि मंग तुमचा दाखला त्यात लटकतो, तुमचा काही संबंध नसताना.

आता मागायचं काय. बरेच जण लिहितात "आम्ही या गावचे कायमचे रहिवासी आहोत असा दाखला द्यावा". भाडेकरूनं हे लिहू नका. कायम शब्द आला की ग्रामसेवक थांबतो, कारण करारात तारीख दिसते ना, तुम्ही आलात कधी ते. तुम्ही फक्त एवढंच मागा की आम्ही अमुक तारखेपासून सध्या या पत्त्यावर राहतो. शाळेला पण तेवढंच पाहिजे असते, मूल सध्या कुठे राहते ते. तहसीलमधून मिळणारा वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला ही पूर्ण वेगळी वस्तू आहे, लोक दोन्हीला डोमिसाईलच म्हणतात आणि मग चुकीच्या ऑफिसात रांगेत उभे राहतात. शाळेला नक्की कोणता पाहिजे हे शाळेच्या कागदपत्रांच्या यादीवरून बघून घ्या आणि त्या यादीची झेरॉक्स अर्जाला जोडा, त्यानं दाखला कशाला पाहिजे ते सांगत बसावं लागत नाही.

दाखल्यात मुलीचं पण नाव पाहिजे हे अर्जातच स्पष्ट लिहा. नुसता वडिलांच्या नावाचा दाखला नेला तर काही शाळा परत पाठवतात. नाव जन्म दाखल्यावर जसं आहे अगदी तसंच, वेलांटी-उकारासकट, मधलं नाव आणि आडनावासकट. घरातलं लाडाचं नाव किंवा आधारवर वेगळं पडलेलं नाव लिहू नका.

हा घ्या नमुना, कंसातलं तुमचं तुम्ही भरा:

दिनांक: (तारीख)

प्रति,
मा. सचिव / ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत (गाव), ता. (तालुका), जि. नागपूर

विषय: मुलीच्या शाळा प्रवेशासाठी रहिवासी दाखला मिळणेबाबत.

महोदय,

मी (पूर्ण नाव), पत्नी/पती (नाव) व मुलगी (जन्म दाखल्याप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख) यांच्यासह मौजा (गाव) येथील मालमत्ता क्रमांक (क्रमांक), (लेआऊटचे नाव, प्लॉट क्रमांक) या घरात दिनांक १ जुलै २०२४ पासून भाडेकरू म्हणून राहत आहे. घराचे मालक (नाव) आहेत.

माझ्या मुलीला (शाळेचे नाव) येथे इयत्ता पहिलीत प्रवेश घ्यायचा असून शाळेने ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मागितला आहे. दाखला जमा करण्याची शेवटची तारीख (तारीख) आहे. तरी आम्ही वरील पत्त्यावर दिनांक १ जुलै २०२४ पासून राहत असल्याचा दाखला माझ्या व मुलीच्या नावासह देण्यात यावा, ही विनंती.

वरील माहिती खरी आहे.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल)

सोबत: १) भाडेकराराची प्रत २) घरमालकाचे संमतीपत्र व आधारची प्रत ३) चालू वर्षाची घरटॅक्स पावती ४) माझे आधार ५) मुलीचा जन्म दाखला ६) शाळेच्या कागदपत्रांच्या यादीची प्रत

तारीख मी उदाहरण म्हणून टाकली, तुम्ही करारातलीच टाका. अर्जात एक, करारात दुसरी आणि संमतीपत्रात तिसरी तारीख असली तर दाखला अडलाच समजा. मालकानं संमतीपत्रात अंदाजानं "दोन वर्षांपासून" लिहून दिलेलं असते आणि करार असतो अकरा महिन्यांचा, हे तर नेहमीचंच. करार रिन्यू केला असेल तर जुना पण जोडा म्हणजे सुरुवातीची तारीख सिद्ध होते. सगळ्या झेरॉक्सवर स्वतः सही करा, स्वसाक्षांकित प्रत चालते, कोणाकडून साक्षांकित करून आणायची गरज नाही.

वर पदाचं नाव दोन प्रकारे लिहिलं कारण २०२४ मध्ये राज्य सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असं एकच पद करायचं ठरवलं. गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात, तुम्ही पण बोलताना म्हणा, काही बिघडत नाही. पण अर्ज सरपंचाच्या नावानं करू नका. सरपंच आपल्या लेटरहेडवर पटकन लिहून देतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यावर पंचायतीचा जावक क्रमांक नसतो आणि शाळेच्या ऑफिसात तेच आधी बघतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ग्रामसेवकाकडे बरेचदा दोन-दोन गावं असतात, ते रोज भेटतीलच असं नाही, तर अर्ज तिथल्या संगणक परिचालकाकडे किंवा शिपायाकडे द्या पण पोच सोडू नका. पोच नसली की पुढच्या वेळी "अर्ज कुठे आहे" इथूनच सुरुवात होते, आणि शाळेची तारीख काही तुमच्यासाठी थांबत नाही. पोच असली तर शाळेला ती दाखवून मुदत मागता येते, बऱ्याच शाळा ऐकतात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रामसेवक म्हणू शकतात की आम्ही हा दाखला आता देत नाही, स्वयंघोषणापत्र द्या. ते टाळत आहेत असं लगेच समजू नका. राज्य सरकारच्या ९ मार्च २०१५ च्या निर्णयानं प्रतिज्ञापत्राच्या जागी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालू केलं, आणि पुढे ग्रामविकास विभागानं ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्याच्या जागी पण तेच चालेल असं सांगितलं. म्हणजे तुम्हीच फोटो लावून, पत्ता लिहून, माहिती खरी आहे म्हणून सही करायची, खोटं निघालं तर जबाबदारी तुमची. अशा वेळी भांडत बसू नका, त्यांना म्हणा की साहेब, हेच माझ्या अर्जावर शेरा म्हणून लिहून द्या, "रहिवासी दाखल्याऐवजी स्वयंघोषणापत्र ग्राह्य" एवढी ओळ आणि सही. तो शेरा मारलेला अर्ज आणि स्वयंघोषणापत्र दोन्ही शाळेत द्या. नुसतं स्वयंघोषणापत्र नेलं तर क्लार्क म्हणतो हे तर तुम्हीच लिहिलं, शेरा सोबत असला की त्याला फाईलला लावायला कागद मिळतो.

आणि ऍडमिशन आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव २५ टक्क्यांतून करत असाल तर या दाखल्याच्या मागे लागूच नका, थांबा आणि आधी त्यांची यादी वाचा. तिथे पत्त्याचे पुरावे ठरलेले असतात, आणि भाड्यानं राहणाऱ्यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो, नोटरीचा चालत नाही. करार फॉर्म भरण्याच्या आधीचा पाहिजे, नंबर लागल्यावर करून काही उपयोग नाही. हे माहीत नसल्यामुळे लॉटरीत नाव लागूनही कागद तपासताना लेकरांची सीट गेलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटते, म्हणून एवढं जोर देऊन सांगतो.

दाखला हातात आला की पंचायतीच्या पायऱ्या उतरायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा: मुलीचं नाव, मालमत्ता क्रमांक, राहत असल्याची तारीख, जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का. चूक दिसली तर दाखला नवीन करून मागा, पेनानं खोडून वर लिहून घेऊ नका, खाडाखोड केलेला दाखला शाळा घेत नाही. मूळ प्रत शाळेत गेली की परत मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा.