पूल नव्हे, बांध!

प्रश्न : बुद्धिबळात हत्ती-प्याद्याच्या एंडगेममध्ये 'पूल बांधणे' म्हणतात. शुद्ध मराठीत 'सेतू बांधणे' म्हणावे का?

म्हणा, पण आधी एक तक्रार. हल्ली कोणी शहाच्या आड कुठेही हत्ती घातला की समालोचक ओरडतो, 'पूल बांधला!' राजा नुसता पळून वाचला तरीही पूल! पूल एका ठरावीक स्थितीतच बांधतात, आणि तो राजा निघण्याच्या आधी बांधावा लागतो.

ती स्थिती अशी. पांढरा राजा जी८ वर, त्याचं प्यादं जी७ वर, हत्ती ई१ वर. काळा राजा डी७ वर, काळा हत्ती एच२ वर. प्याद्याला वजीर व्हायला एकच घर उरलंय आणि त्या घरात स्वतःचाच राजा बसलाय. घाई करून राजा एफ७ वर काढला की काळा हत्ती एफ२ वरून शह देतो. मग जी६, एफ६, जी५ अशी पळापळ होते आणि प्रत्येक घरी शह येतो. प्यादं सोडून लांब जावं तर ते मारलं जातं. शह संपत नाहीत.

म्हणून आधी हत्ती ई४ वर ठेवायचा. बघणाऱ्याला ही खेळी वाया गेल्यासारखी वाटते. काळा एच१ वर थांबतो. आता राजा एफ७, एफ१ वरून शह; राजा जी६, जी१ वरून शह; राजा एफ६, पुन्हा एफ१ वरून शह; राजा जी५, पुन्हा जी१ वरून शह. आणि इथे हत्ती ई४ वरून जी४ वर. शह संपले. काळ्याने जी४ वर मारलं तर राजा परत मारतो आणि पुढच्या खेळीत वजीर होतो.

चौथीच ओळ का? हत्ती तिसऱ्या ओळीत असता तर तो जी३ वर आड आला असता, पण जी५ वरचा राजा त्याला जोर देऊ शकत नाही, म्हणजे फुकटचा हत्ती गेला. पाचव्या ओळीत ई५ वर ठेवला तर काळा राजा डी६ वर येऊन त्याच्यावर चालून जातो. प्यादं अगदी कडेचं, ए किंवा एच ओळीतलं असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, कारण राजाला बाहेर पडायला एकच बाजू असते आणि तिथे काळा हत्ती बसतो.

आता बघा, यात पूल कुठे आहे? हत्तीवरून कोणी पलीकडे गेलं का? राजा खाली येतो आणि हत्ती त्याच्यापुढे आडवा बसून शहांचा लोंढा अडवतो. हा पूल नाही, बंधारा आहे. 'पूल' हा शब्द रूढ केला निम्झोविचने, आणि सगळे तो झेलत आले. त्याच्या खेळाबद्दल मला आदर आहे, पण उपमेच्या बाबतीत त्याचं लक्ष नव्हतं.

आणि गंमत अशी की 'सेतू' हा मुळात बांधच! धातू 'षिञ् बन्धने', म्हणजे बांधणे. त्याला 'तुन्' प्रत्यय लागून सेतु. याच प्रत्ययाने तंतू आणि धातू हे शब्द सिद्ध होतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दोन गावांचा सीमेचा तंटा ज्येष्ठ महिन्यात सोडवा म्हटलंय, कारण तेव्हा 'सेतू' स्पष्ट दिसतात. म्हणजे शिवेच्या खुणा, बांध! बृहदारण्यकात आत्म्याला 'सेतुर्विधरणः' म्हटलंय, लोक एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आड धरणारा. कोणी छांदोग्यातलं 'सेतुं तीर्त्वा' माझ्या तोंडावर फेकेल, ते मला ठाऊक आहे. अहो, शेताच्या बांधावरूनही माणसं चालतातच की! पाणी अडवणारा बांध आधी, वरून वाट नंतर. शब्दकोशवाले 'सेतू म्हणजे पूल' एवढं लिहून मोकळे होतात, तो आळस आहे.

उलट 'पूल' हा फारसी 'पुल', त्यात अडवण्याचा अर्थ नावालाही नाही.

जाता जाता, या स्थितीला 'लुसेना' म्हणतात तेही तसंच. स्पेनच्या लुसेनाचं १४९७ चं पुस्तक उघडा, त्यात ही स्थिती नाही. ती सापडते साल्व्हिओ या इटालियनाच्या १६३४ च्या पुस्तकात, आणि तोही श्रेय तिसऱ्याच कोणाला देतो.

तर मी 'बांध घालणे' म्हणतो. तुम्ही सेतू म्हणा, माझी हरकत नाही, फक्त त्याचा अर्थ बांध असा घ्या. आणि हत्ती आधी चौथ्या ओळीत ठेवा.