लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची उंची

प्रश्न: नुसत्या हाडांवरून तेव्हाची उंची कशी कळते?

उत्तर: मुख्यतः मांडीच्या हाडावरून. आपल्यात ते उंचीच्या साधारण २६-२७ टक्के असतं. इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या, ल्यूसी नावाच्या सांगाड्यातलं हे हाड जेमतेम २८ सेंटीमीटर, म्हणजे उंची अंदाजे १०५. सांगलीला आमच्या दाराच्या चौकटीवर पुतणीच्या पाचव्या वाढदिवसाची पेन्सिलीची खूण आहे, साधारण तिथवर. आणि ल्यूसी पूर्ण वाढलेली बाई होती!

मात्र तिचे पाय धडाच्या मानाने आखूड होते, त्यामुळे आपलं प्रमाण तिला नेमकं बसत नाही. केनियातला सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा तुर्काना मुलगा वयात येण्याआधीच पाच फुटांपुढे गेला होता. त्याचे लांब पाय उन्हात लांबवर चालणाऱ्याचे वाटतात.