सुलट विणीत आडवे पट्टे का दिसतात?

प्रश्न: बाळाचा स्वेटर विणतेय, फोटो जोडलाय. सुलट बाजूला आडवे पट्टे दिसतात. लोकर खराब आहे की माझा हात?

उत्तर: हाताचा ताण. लोकर कुठे जाड कुठे बारीक असती तर डाग कुठेही पडले असते. तुमच्या फोटोत मात्र एक ओळ घट्ट, एक सैल असं ठराविक आहे. तुकडा उलटून पाहा: मागचे उंचवटे दोन-दोनच्या जोडीने चिकटलेले आणि मध्ये फट दिसेल. बहुतेकींच्या उलट टाक्याच्या ओळी सैल पडतात, कारण धागा पुढे आणून सुईभोवती फिरवताना बोटावरची पकड सुटते.

खात्री करायची तर २४ टाके घाला आणि उलट ओळ विणताना तिच्याबरोबर शिवणाचा रंगीत दोरा धरा. रंगीत ओळीचे टाके मोठे दिसले की निदान पक्कं.

आता बोटं आवळत बसू नका, दहा ओळींनी ती पुन्हा सैलावतातच. सुई बदला. सुलट ओळ ९ नंबरने विणत असाल, तर उलट ओळीला १० नंबर घ्या (नंबर वाढला की सुई बारीक). १६ ओळींत फरक दिसतो. पट्टे कमी न होता आणखी ठळक झाले, तर तुमची सुलट ओळ सैल आहे. सुया अदलाबदल करा.

विणलेलं उसवायचं का? शुद्ध लोकर असेल तर आधी तुकडा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलवर सपाट वाळवा. बारीक फरक बसतो. ॲक्रिलिकमध्ये फारसा बसत नाही, तिथे उसवलेलंच बरं.