हायवेवर इंटरकॉममधून नकाशाचा आवाज ऐकू येत नसेल तर काय करावे?

प्रश्न: मी आठवड्यातून दोनदा मोटारसायकलने धुळ्याहून जळगावला जातो. हेल्मेटला ब्लूटूथ इंटरकॉम बसवला आहे. गावात नकाशाचा आवाज नीट येतो, पण हायवेला लागलो की काहीच कळत नाही, म्हणून आवाज पूर्ण वाढवून ठेवतो. संध्याकाळी घरी आल्यावर कानात शीळ वाजत राहते. याहून महागडा इंटरकॉम घ्यावा का? धाकटा भाऊ सायकल चालवतो, त्याला हाच चालेल का?

उत्तर: माझे धुळ्यात हेल्मेट आणि दुचाकीच्या सुट्या साहित्याचे दुकान आहे. महागडा इंटरकॉम विकण्यात माझा फायदा असला, तरी तुमच्या वर्णनावरून तो आत्ता घेऊ नका असेच मी सांगेन. गावात आवाज स्वच्छ येतो, म्हणजे यंत्र ठीक आहे. हायवेवर तो वाऱ्याच्या गोंगाटात बुडतो, आणि कानातली शीळही बहुतांशी त्या वाऱ्याचीच देणगी आहे. नकाशाचा आवाज वाढवण्याऐवजी वारा कमी करायचा, हा यावरचा उपाय आहे.

आधी स्पीकर कुठे बसले आहेत ते तपासा, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. हे चपटे स्पीकर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचे असतात आणि कानाच्या छिद्राच्या बरोबर समोर असतील तरच नीट ऐकू येतात. एक-दोन सेंटिमीटर खाली किंवा मागे सरकले, तर आवाज बराच पडतो आणि शब्द अस्पष्ट होतात. पारख सोपी आहे. गाडी उभी करून हेल्मेट घाला, मध्यम आवाजात एखादे गाणे लावा आणि दोन्ही तळहातांनी हेल्मेटच्या बाजू कानांकडे दाबा. दाबताच आवाज एकदम मोठा आणि भरदार झाला, तर स्पीकर कानापासून दूर आहेत. अशा वेळी स्पीकरच्या मागे पातळ फोमची चकती लावून त्यांना थोडे पुढे आणावे. बहुतेक इंटरकॉमच्या डब्यात अशा चकत्या मिळतात. स्पीकरने कानाला टेकू नये, पण मधले अंतर काही मिलिमीटरच असावे. जागा ठरवताना पट्टा सैल ठेवून हेल्मेटखालून बोट घाला, कानाचे छिद्र नेमके कुठे येते ते चाचपा आणि त्या ठिकाणी स्पीकरचा मध्य आणा. जागा करण्यासाठी आतला थर्माकोलसारखा कडक थर मात्र कधीही कोरू नका. अपघातात डोक्याला बसणारा मार तोच झेलतो, आणि तो कोरलेल्या हेल्मेटवरच्या आयएसआय चिन्हाला काही अर्थ उरत नाही.

आता वाऱ्याकडे वळू. ताशी ८० किलोमीटरला हेल्मेटच्या आत, कानापाशी, साधारण ९० ते ९५ डेसिबल गोंगाट असतो. हेल्मेटचा आकार, गाडीची काच आणि तुमची उंची यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला केवळ १ तास. हाच हिशेब तुमच्या रस्त्याला लावून पाहू. पारोळा, एरंडोल, पाळधी असे करत जळगाव गाठायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो आणि परतीलाही तेवढाच, म्हणजे दिवसाचे तीन तास तरी धरावेत. आत ९४ डेसिबल असेल, तर जाताना एरंडोलच्या आसपासच तुमचा दिवसभराचा वाटा संपतो, आणि तोही इंटरकॉम बंद ठेवला तरी. नकाशा तर या सरळ रस्त्यावर जाऊन-येऊन मिळून काही मिनिटेच बोलतो. सतत गाणी लावत असाल, तर गोष्ट वेगळी. मग वाऱ्याच्या वर ऐकू यावे म्हणून ती ९७-१०० डेसिबलपर्यंत नेली जातात, आणि १०० ला मुदत अवघी १५ मिनिटांची आहे.

म्हणून मी गिऱ्हाइकांना इंटरकॉमसोबत फोमचे कानबोळे घ्यायला सांगतो. बोळे घातल्यावर स्पीकरचे ऐकू कसे येणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बोळा वारा आणि नकाशाचा आवाज दोन्ही जवळपास सारखेच कमी करतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक कायम राहतो. उलट कानावरचा एकूण भार उतरल्याने शब्द अधिक स्पष्ट होतात. मागच्या ट्रकच्या हॉर्नलाही हेच लागू आहे. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात निम्मेच धरावे, म्हणजे १५. तसे धरले तरी ९४ चे ७९ होतात, आणि त्यावर उठून कळणारा नकाशाचा आवाज ८२ ते ८५ इतका पुरतो.

बोळा घालण्याची एक पद्धत आहे. तो बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता टोकावर अडकवलेला बोळा काहीच रोखत नाही. हात स्वच्छ हवेत, आणि आपल्याकडच्या धुळीत व घामात बोळे फार दिवस वापरू नयेत. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालूच नयेत.

वारा मुख्यतः हेल्मेटच्या खालच्या कडेतून आत घुसतो. समोरची काच शेवटच्या खटक्यापर्यंत लावावी, हनुवटीखालचा कापडी पडदा मिळत असेल तर बसवावा, आणि नाहीच मिळाला तर बागायती रुमाल गळ्याभोवती नीट गुंडाळावा. खानदेशात उन्हाळ्यात आपण तो बांधतोच, पण अनेक जण त्याची घडी कानावरून घेऊन त्यावर हेल्मेट चढवतात. त्याने स्पीकर कापडाआड जातो आणि हेल्मेटही सैल बसते. रुमाल गळ्याशी राहू द्या.

एवढे झाल्यावर आवाज बेतायचा. आवाजाची दोन नियंत्रणे असतात, एक फोनमध्ये आणि दुसरे इंटरकॉमवर. काही फोनमध्ये ती एकत्र बांधलेली असतात. तुमच्याकडे स्वतंत्र असतील, तर फोनचा मीडिया आवाज सुमारे ८० टक्क्यांवर ठेवून बाकीचे इंटरकॉमच्या बटणाने करा. फोन अगदी कमी आणि इंटरकॉम पूर्ण, अशा जोडीत खरखर वाढते. मग बोळे घालून नेहमीच्या वेगाने थोडे अंतर जा आणि सूचना जेमतेम पण पूर्ण कळेल इतकाच आवाज ठेवा. त्याच आवाजात, बोळे कानात असतानाच, कडेला थांबून इंजिन बंद करा. आता नकाशाचे बोलणे शेजारच्या माणसाच्या बोलण्याहून थोडे मोठे वाटले तर ठीक. दचकायला झाले तर तो जास्त आहे. बोळे काढण्याआधी आवाज कमी करायला विसरू नका. वाऱ्यानुसार आपोआप आवाज वाढवण्याची सोय यंत्रात असेल, तर मी ती बंद ठेवतो किंवा सर्वांत खालच्या पातळीवर ठेवतो, कारण वाढता गोंगाट वाढत्या आवाजाने झाकणे एवढेच तिला येते. कॉलचा आवाज अनेकदा वेगळा साठवलेला असतो. तो घरीच कमी करून घ्या, नाहीतर पहिलाच कॉल कानठळ्या बसवील.

फोनच्या जोडणीबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत इंटरकॉमच्या नावापुढचे चक्र दाबले की कॉल आणि मीडिया अशा दोन वेगळ्या परवानग्या दिसतात. `Media audio` बंद असेल, तर कॉल ऐकू येतात आणि नकाशा मात्र फोनमधूनच बोलत राहतो. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये `Play voice over Bluetooth` सुरू हवे. तिथेच सूचनेच्या आवाजाची पातळी निवडता येते. ती `Louder` ठेवली, तर गाणी खाली ठेवूनही सूचना वर उठून येते. आवाजाच्या भाषांत मराठी दिसत असेल, तर ती निवडा. गोंगाटात अर्धवट ऐकलेले वाक्य मातृभाषेत लवकर जुळते, मग नकाशातली बाई गावांची नावे कशीही उच्चारो. सूचनेचा पहिला शब्द तुटत असेल, तर दोन सूचनांच्या मधल्या वेळात इंटरकॉम झोपी जातो असे समजावे. अगदी हळू आवाजात काहीतरी चालू ठेवले की तो जागा राहतो.

कानातली शीळ म्हणजे कानावर ताण पडल्याची खूण असते. वरचे सगळे केल्यावर ती थांबायला हवी. तरीही दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत असेल, किंवा माणसांचे बोलणे दबल्यासारखे वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.

तुमच्या भावाला मात्र हा इंटरकॉम देऊ नका. सायकलच्या हेल्मेटला कानावर आवरण नसते, त्यामुळे हे स्पीकर बसवायला जागाच नाही. त्याला बोळेही नकोत, कारण बहुतेक सायकलींना आरसा नसतो आणि मागून येणारे वाहन कानानेच ओळखावे लागते. कान मोकळे ठेवणारा, कानापुढच्या हाडावर टेकणारा हेडफोन त्याला बरा. हाडातून येतो म्हणून तो कितीही मोठा ठेवला तरी चालतो, हा समज चुकीचा आहे. आवाज शेवटी त्याच अंतर्कर्णात पोहोचतो. अवजड वाहनांच्या रस्त्यावर नकाशा ऐकू आला नाही, तर त्याने आवाज वाढवू नये; कडेला थांबून फोन पाहावा आणि पुढची दोन वळणे लक्षात ठेवून निघावे. हेडफोन घेताना भावाचे सायकल हेल्मेट दुकानात सोबत न्या, कारण काहींचा मागचा दांडा हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो आणि मान वळवली की हाडावरून सरकतो.