आबांची बैलजोडी: विकताना दीड लाख, घेताना नव्वद हजार

प्रश्न: आमची लाल कंधारी जोडी विकायचीय, सहा दाती. आबा दीड लाखाच्या खाली यायला तयार नाहीत. गिऱ्हाईक 95 हजारांवर अडलंय. गंमत म्हणजे "अशीच जोडी आपल्याला घ्यायची असती तर किती दिले असते?" असं विचारलं, तर आबाच म्हणाले, "नव्वदच्या वर एक रुपया नाही." हा नुसता हट्ट आहे का यामागं काही शास्त्र आहे? (लोहा तालुका)

उत्तर:

शास्त्र आहे, पण तुमच्या 60 हजारांच्या फरकातला सगळाच भाग त्या शास्त्राचा नाही. गुरांच्या बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय आबांना दोष देणं बरोबर नाही.

आधी शास्त्र. नुसती मालकी आली की माणूस वस्तूची किंमत वाढवून धरतो, याला एंडाउमेंट इफेक्ट म्हणतात. हे नाव रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये दिलं. पुढं 2017 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण माझ्या मते खरं काम 1990 चं आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि थेलर या तिघांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 44 विद्यार्थी बसवले आणि त्यातल्या 22 जणांना चहा-कॉफीचा एकेक मग दिला. विद्यापीठाच्या दुकानात तो मग 6 डॉलरला मिळत होता. मग कुणाच्या हाती पडला, हा निव्वळ नशिबाचा भाग. त्यामुळं ज्यांना मग जास्त आवडतो अशी माणसं दोन्ही गटांत सारखीच असणार, आणि निम्मे म्हणजे साधारण 11 मग हात बदलतील असा हिशोब होता. चार फेऱ्या झाल्या. सौदे झाले अनुक्रमे 4, 1, 2 आणि 2. विकणारे 5.25 डॉलरच्या आसपास अडून बसले, घेणारे सव्वादोन ते पावणेतीनच्या पुढं सरकेनात.

हा मग त्यांच्याकडं आजोबांपासून आलेला नव्हता. अर्ध्या तासापूर्वी तो त्यांचा नव्हताही. म्हणजे माया, आठवणी, घरचं जित्राब हे सगळं बाजूला काढलं तरी फरक उरतोच.

इथं कुणीही म्हणेल की विकणारा फुकटात एका मगचा धनी झाला, घेणाऱ्याला मात्र खिशात हात घालावा लागतो, म्हणून तो कंजूषपणा करतो. याचं उत्तर याच लोकांच्या दुसऱ्या प्रयोगात आहे, आणि तुमच्या कामाचा तोच आहे. त्यात तीन गट केले. पहिल्याला मग देऊन विचारलं, कितीला विकाल? दुसऱ्याला मग नाही, विचारलं, कितीला घ्याल? तिसऱ्या गटालाही मग दिला नाही. त्यांना एवढंच सांगितलं की मग घ्या किंवा रोख घ्या, दोन्ही फुकट. कितीपासून पुढं रोख बरी वाटेल? नीट बघितलं तर पहिला आणि तिसरा गट अगदी एकाच जागी उभे आहेत. दोघंही शेवटी मग तरी घेऊन जाणार, नाहीतर पैसे तरी. फरक इतकाच की पहिल्याच्या हातात मग आधीच आहे. तरी विकणाऱ्यांचा आकडा 7.12 डॉलर निघाला, निवडणाऱ्यांचा 3.12 आणि घेणाऱ्यांचा 2.87.

म्हणजे अडचण घेणाऱ्याच्या खिशात नव्हती. निवडणारा आणि घेणारा जवळजवळ एकाच आकड्यावर आले, एकटा विकणाराच लांब गेला. हातातलं सोडणं माणसाला तोटा वाटतो, आणि तोट्याचं वजन तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त भरतं, अशी त्यांची मांडणी आहे.

आता तुमची जोडी. आबांना तीन प्रश्न विचारा, पण एका बैठकीत नको. सलग विचारलं की माणूस पहिल्या उत्तराशी दुसरं जुळवून घेतो आणि तुम्हाला खरं काहीच कळत नाही. मध्ये चार-दोन दिवस जाऊ द्या. खालचे मधले आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, तुमचे तुम्ही भरा.

पहिला प्रश्न कमीत कमी आकड्याचा. दीड लाख ही मागणी आहे, आणि मागणीत घासाघिशीची जागा धरलेलीच असते. रुमालाखाली बोटं धरणारा कुठलाही माणूस पहिल्या दमाला खरा आकडा सांगत नाही. खरा आकडा काढायची एक पद्धत प्रयोगांमध्ये वापरतात. पिशवीत 80 हजारांपासून 1 लाख 60 हजारांपर्यंतच्या चिठ्ठ्या आहेत असं धरा. आबांनी आपला कमीत कमी आकडा आधी कागदावर लिहायचा, मग एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीतला आकडा आबांच्या आकड्याएवढा किंवा मोठा निघाला तर चिठ्ठीतल्या भावानं सौदा, नाहीतर बैल दावणीलाच. यात फुगवून लिहिण्यात फायदा नाही, कारण भाव चिठ्ठी ठरवते. फुगवलं तर चालला असता असा सौदा हातचा जातो. कमी लिहिलं तर नको त्या भावात बैल जातील. हे आबांना दोन-तीनदा करून दाखवा. चार्ल्स प्लॉट आणि कॅथरिन झायलर यांनी 2005 मध्ये दाखवलं की लोकांना ही रीत नीट शिकवून, सराव करून घेतला की मगच्या बाबतीतला फरक जवळजवळ मिटतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की मूळ प्रयोगातला फरक बराचसा गोंधळाचा आणि घासाघिशीच्या सवयीचा होता. मला त्यांचं सगळं पटत नाही, पण घासाघीस आधी वजा करावी हे पटतं. समजा कागदावर 1 लाख 25 हजार आले, तर 25 हजार नुसती बाजाराची सवय होती.

दुसरा प्रश्न असा विचारा: "हीच जोडी, यांच्या सगळ्या खोडी माहीत आहेत, पण ती शेजाऱ्याची असती तर किती दिले असते?" आबांचं 90 हजारांचं उत्तर अनोळखी जोडीचं होतं, हे लक्षात घ्या. अनोळखी बैल औताला बसतो का, खांदा आलेला आहे का, मारका आहे का, यातलं काही बाजारात कळत नाही. त्या जोखमीचे पैसे प्रत्येक घेणारा कापून ठेवतो. ही शहाणी कपात आहे, भ्रम नाही. समजा आबा 1 लाख 5 हजार म्हणाले, तर 15 हजार हा माहितीचा भाग झाला.

तिसरा प्रश्न मगवाल्या तिसऱ्या गटाचा: "जोडी आपली नाही. कुणी म्हणालं, ही जोडी घ्या नाहीतर रोख घ्या. कितीपासून पुढं रोख घ्याल?" समजा उत्तर 1 लाख 8 हजार. म्हणजे खिशात हात घालायचा जीवावर येणं हा भाग 3 हजारांचा. आणि 1 लाख 8 हजार ते 1 लाख 25 हजार, हे जे 17 हजार उरले, तो खरा एंडाउमेंट इफेक्ट.

साठातले सतरा. बाकीचे 43 हजार दुसऱ्याच कारणांचे होते, आणि आपण सगळे मिळून त्याला आबांचा हट्ट म्हणत होतो.

एक शक्यता अजून तपासा. दीड लाख हा आकडा आला कुठून? मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुणाची तरी जोडी त्या भावाला गेल्याचं ऐकलं असेल, तर आबांना बैल सोडणं जड जात नाही. "आपण फसलो" असं लोक म्हणतील हे जड जातंय. वीव्हर आणि फ्रेडरिक या दोघांनी 2012 मध्ये हाच मुद्दा मांडला: विकणारा मनातल्या बाजारभावाच्या खाली जायला कचरतो. अशा वेळी त्याच ताकदीच्या, तेवढ्याच दातांच्या जोड्या सध्या कितीला जातात याच्या दोन-तीन पावत्या बघितल्या की आकडा आपोआप खाली येतो. पावत्या बघूनही आला नाही, तर ती मालकीच.

हेडी लोकांना हे का होत नाही, असं तुमच्या मनात येईल. हेडी जनावर दावणीला बांधतो ते विकायलाच. त्याच्या दृष्टीनं बैल म्हणजे काही दिवस अडकलेली रोकड, आणि ती मोकळी झाली की त्याला तोटा वाटत नाही. जॉन लिस्ट यांनी 2003 मध्ये अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात हे तपासलं. सारख्याच तोलाच्या दोन वस्तूंपैकी एक हातात देऊन, दुसरीशी बदलणार का असं विचारलं. व्यापाऱ्यांपैकी जवळपास 45 टक्क्यांनी बदलली, साध्या गिऱ्हाइकांपैकी पाव हिश्शापेक्षाही कमी लोकांनी. आणि साध्या लोकांतही ज्यांचे सौदे जास्त झालेले, ते जास्त बदलायला तयार होते. आयुष्यात दोन-चार जोड्या विकणारा शेतकरी आणि दर आठवड्याला हळी-हंडरगुळीचा बाजार करणारा हेडी, दोघांच्या डोक्यात म्हणूनच एकच बैल वेगळा असतो.

याच कारणानं घरात थप्पी लावून ठेवलेल्या सोयाबीनला मी एंडाउमेंट इफेक्ट म्हणणार नाही. अलीकडं सर्रास म्हणतात, पण ते चूक आहे. तुमचं पोतं आणि शेजाऱ्याचं त्याच ओलाव्याचं, त्याच प्रतीचं पोतं अदलाबदल करायला सांगा, कुणी क्षणभर विचार करणार नाही. बैलाची अदलाबदल करून बघा म्हणा! सोयाबीनवाला 2021 मध्ये लातूरच्या बाजारात दिसलेल्या दहा हजारांच्या आसपासच्या भावाकडं बघत बसलेला असतो. तो अडकलाय जुन्या भावात, त्याला पोत्याचा मोह नाही.

आता सौद्याचं. 25 हजारांची घासाघीस बाजारात आपोआप झडेल, तिची चिंता नको. माहितीचे 15 हजार मात्र गिऱ्हाइकाकडून काढता येतात, आणि आबांच्या चारही भागांत हा एकच असा आहे. त्याला घरी बोलवा, जोडी स्वतःच्या हातानं औताला जुंपू द्या, अर्धा दिवस पाळी घालू द्या. दोन दिवस त्याच्या रानात नेतो म्हणाला तर इसार घेऊन नेऊ द्या. (हे करताना खांदा आणि खुरं आधी दोघांनी मिळून बघा, नंतर वाद नको.) त्याच्या 95 मध्ये त्यानं अनोळखी जनावराची जी कपात धरलीय, ती अशानं कमी होते, 1 लाख 5 हजारांच्या आसपास तो आला तर मला नवल वाटणार नाही.

राहिले मालकीचे 17 हजार. ते कुठलंच गिऱ्हाईक देणार नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ते बैलात नाहीतच. ते सोडून 1 लाख 8 हजारांच्या आसपास विकायचं, का 1 लाख 25 हजारांवर ठाम राहून जोडी अजून एक हंगाम ठेवायची, हे आबांनीच ठरवावं. ठेवायची असेल तर हंगामभराचा कडबा, पेंड आणि गड्याची मजुरी किती होते ते कागदावर मांडून त्यांच्यापुढं ठेवा. आणि ही जोडी आत्ता सहा दाती आहे. पुढच्या वर्षी तोंड जुळलेलं दिसलं की घेणारा त्याचेही पैसे कापणार, तेही त्याच कागदावर लिहा.