पासपोर्टवरून प्रजाजनत्व ठरवताना

ब्रिटिशकालीन भारतीय पासपोर्टचे मुखपृष्ठ पाहून निष्कर्ष काढू नका. आतल्या पानावरची राष्ट्रीय दर्जाची ओळ वाचा. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्याला ‘जन्माने ब्रिटिश प्रजाजन’, तर संस्थानी प्रजेला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ म्हटलेले असते. त्यानंतर जन्मस्थळ त्या वर्षी कोणाच्या ताब्यात होते, हे ताडून पाहा. गांधीजी 1869 मध्ये पोरबंदर संस्थानात जन्मले, म्हणजे केवळ जन्मस्थळावरून ते संस्थानी प्रजाजन ठरतात. कराचीत जन्मलेल्या जीनांचे तसे नाही. जहाजाच्या प्रवासी यादीतल्या नुसत्या ‘ब्रिटिश’ नोंदीवर मात्र विसंबू नये, कारण तीत हा भेद पुसला जातो. 1941 मध्ये सुभाषबाबूंनी ओरलांडो माझोत्ता या नावाच्या इटालियन पासपोर्टवर प्रवास केला. असा कागद त्यांच्या खऱ्या दर्जाचा पुरावा ठरत नाही.